पडवीत वाळत ठेवलेले बूट वाळत का नाहीत: लोट्याच्या एका कामगाराचं जुलैचं प्रकरण

लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यात काम करणारा एक तरुण ऑपरेटर. घर खेड तालुक्यातल्या एका वाडीत. सकाळी सातला पायात बूट चढतात आणि संध्याकाळी सहाला उतरतात. बूट म्हणजे कंपनीने दिलेले कातड्याचे सेफ्टी शूज: बोटांवर पोलादी टोपी, खाली पीयूचा सोल. वर्षाला एकच जोड मिळते आणि प्लँटमध्ये दुसरं काही घालून आत सोडत नाहीत. एप्रिल-मेमध्ये घाम आला तरी वासाची तक्रार नव्हती. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ती सुरू झाली. जुलै उजाडला तोवर कंपनीच्या बसमध्ये शेजारी कोणी बसेनासं झालं आणि आईने बूट घरात आणायला मनाई केली. बूट पडवीत गेले आणि वास आणखी वाढला.

वास येतो म्हणून बूट पडवीत, आणि पडवीत ते वाळत नाहीत म्हणून वास. हे चक्र कोकणात बहुतेक घरांत पावसाळाभर चालू असतं, म्हणून हे प्रकरण तपशिलात मांडलं आहे.

तोवर केलेले उपाय

बुटात डांबरगोळ्या टाकून झाल्या होत्या. त्यांनी वास झाकला जातो, जात नाही. वर त्यांची वाफ बंद खोलीत चांगली नसते, आणि घरात तान्हं मूल असेल तर त्या वापरूच नयेत. टाल्कम पावडर मारली होती, ती ओल्या बुटात लगदा होऊन शिवणीत बसली. नव्या बॅगेतून निघालेल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवल्या होत्या. अशा पुडीत साधारण पाच ग्रॅम जेल असतं आणि ते फार तर दीड-दोन ग्रॅम पाणी धरतं. दिवसभर घातलेल्या एका सेफ्टी शूमध्ये तीस-चाळीस ग्रॅम पाणी मुरलेलं असू शकतं. हिशेब तिथेच संपतो.

खाण्याचा सोडाही रोज रात्री भुरभुरला जात होता. सोडा अगदी निरुपयोगी नाही. पायाच्या वासातला मुख्य भाग आयसोव्हॅलेरिक नावाच्या आम्लाचा असतो. घामाला स्वतःला फारसा वास नसतो, पण त्वचेवरचे जिवाणू घामातल्या आणि मऊ पडलेल्या कातडीतल्या प्रथिनांवर जगतात आणि त्यातून हे आम्ल तयार होतं. सोडा त्याच्याशी मिळून उडून न जाणारा क्षार बनवतो, म्हणून सकाळी बूट बरा वाटतो. जिवाणू मात्र ओलाव्यात तसेच राहतात आणि दुपारपर्यंत नवं आम्ल तयार करतात. शिवाय सोडा अल्कधर्मी असतो. कमावलेलं कातडं किंचित आम्लधर्मी असतं, त्यामुळे त्यावर रोज सोडा पडला की ते कडक आणि पांढुरकं होतं. या बुटाच्या टाचेकडचं अस्तर तसं झालंच होतं. सोडा वापरायचाच असेल तर कापडी तळव्यावर चमचाभर, तोही सकाळी पूर्ण झटकून. कातड्यावर नाही.

वजनकाट्यावर बूट

वास ही मोजता येणारी गोष्ट नाही, पण ओलावा आहे. स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर, खाली प्लास्टिकची पिशवी अंथरून, डावा बूट आणि त्याचा सुखतळा, म्हणजे आतलं काढता येणारं इनसोल, वेगवेगळं तोललं. आधी कोरडं वजन हवं होतं. त्यासाठी सुट्टीच्या दिवशी दोन्ही वस्तू पंख्यासमोर ठेवून दर दोन तासांनी वजन पाहिलं आणि लागोपाठ दोन वेळा आकडा हलला नाही तेव्हा तो कोरडा धरला. बूट ५६६ ग्रॅम, इनसोल ३८ ग्रॅम.

कामावरून आल्यावर बूट ५८९ आणि इनसोल ५२. रात्रभर पडवीत ठेवून सकाळी बूट ५८४ आणि इनसोल ४९. म्हणजे दिवसभरात एका पायाच्या बुटाने ३७ ग्रॅम पाणी घेतलं आणि तेरा तासांत त्यातलं फक्त आठ ग्रॅम सोडलं. सकाळी पाय घालताना बूट जवळजवळ संध्याकाळइतकाच ओला होता. हाताला तो कोरडा लागायचा, कारण वरचं अस्तर सुकलेलं असायचं आणि पाणी इनसोलखालच्या पुठ्ठ्यासारख्या थरात आणि बोटांच्या बाजूला दडलेलं असायचं.

आठच ग्रॅम का, याची कारणं तीन निघाली.

पहिलं कारण हवा. पावसात पडवीतली हवा आधीच पाण्याने भरलेली असते. सत्तावीस अंश तापमान आणि नव्वद टक्के आर्द्रता असली की तिच्यात आणखी ओल घ्यायला जागा उरत नाही. तीच हवा पस्तीस अंशांपर्यंत तापवली तर तिची आर्द्रता साधारण सत्तावन्न टक्क्यांवर येते, पाण्याचा एक थेंबही न काढता. म्हणून मंद ऊब आणि वारा एकत्र मिळाले की बूट वाळतो, आणि नुसती मोकळी जागा मिळून वाळत नाही. पडवीत वरून झड येते ती वेगळीच.

दुसरं कारण पोलादी टोपी. साध्या कातडी बुटातली वाफ पुढच्या कातड्यातूनही थोडी निघून जाते. सेफ्टी शूमध्ये बोटांवर पत्रा असतो, त्यातून काही जात नाही. पंजाकडच्या ओलाव्याला बाहेर पडायचा मार्ग एकच: मागे घोट्याकडे, बुटाच्या तोंडातून. तिथे हवा हलत नसेल तर तो जागच्या जागी राहतो, आणि घाण वास नेमका तिथेच सर्वांत जास्त असतो.

तिसऱ्या कारणाकडे फारसं कोणी लक्ष देत नाही: घामातलं मीठ. महिनोन्महिने घाम मुरला की पाणी उडतं, पण मीठ इनसोलमध्ये साठत जातं. साधं मीठ सुमारे पंचाहत्तर टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की हवेतलं पाणी स्वतः ओढून घेतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते यामुळेच. जुलैत कोकणात हवा दिवसाचे बहुतेक तास या मर्यादेच्या वरच असते, त्यामुळे मिठाने भरलेलं इनसोल कितीही वेळ टांगून ठेवलं तरी पूर्ण कोरडं होत नाही. वाळवून आत ठेवलेलंही रात्रीतून पुन्हा दमट होतं. मासेमारीला जाणाऱ्यांच्या किंवा पुळणीवरून रोज चालणाऱ्यांच्या बुटांत समुद्राचं मीठ भर घालतं, त्यांच्याकडे हा त्रास दुप्पट.

यावरून क्रम ठरला: आधी मीठ धुऊन काढायचं, मग पंजापर्यंत हवा पोचवायची, आणि जिवाणू मारण्याची गोष्ट शेवटी. बहुतेक लोक शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात आणि मग स्प्रे महाग पडला म्हणून चिडतात.

एकदाच करायची साफसफाई

शनिवारी संध्याकाळी सुरुवात केली, कारण पुढचा दीड दिवस बूट लागणार नव्हता. नाड्या काढल्या, जीभ पूर्ण बाहेर खेचली, इनसोल टाचेकडून हळू उचललं. काही बुटांत ते डिंकाने चिकटवलेलं असतं; सहज सुटत नसेल तर ओढू नये, खालचा थर फाटून येतो.

कातडी बूट बादलीत बुडवायचा नाही. पाण्याने आतला थर फुगतो, गोंद सुटतो आणि पोलादाच्या कडेला गंज धरतो. त्याऐवजी कोमट पाण्यात पिळलेल्या सुती फडक्याने आतून पुसायचं, फडकं दर वेळी स्वच्छ पाण्यात खळबळून. पंजापर्यंत हात पोचत नाही, म्हणून फडकं लाकडी उलथन्याच्या दांड्याला गुंडाळलं. पहिल्या दोन वेळा पाणी गढूळ राखाडी निघालं. मग अर्धा लिटर पाण्यात अर्धा चमचा भांडी घासायचं लिक्विड घालून एक हात, आणि त्यानंतर नुसत्या पाण्याने तीन हात. साबण आत राहिला तर तोही ओल धरतो, म्हणून शेवटचे तीन हात टाळू नयेत. इथे पाणी गोडं हवं. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचं पाणी खारट असतं, ते वापरलं तर एका हाताने काढलेलं मीठ दुसऱ्या हाताने भरल्यासारखं होतं. पावसाळ्यात छपराच्या पागोळ्यांखाली, पहिल्या सरीने कौलं धुऊन निघाल्यावर, भरलेली बादली या कामाला उत्तम.

जुनं इनसोल वाचवण्यासारखं नव्हतं, टाचेखाली फोम चेपून काळा पडला होता. ते धुऊन पाहिलं असतं तरी आठवडाभरात वास परत आला असता. नव्या दोन जोड्या आणल्या, पण इथे एक अडचण होती. सॉल्व्हंट हाताळणाऱ्या प्लँटमध्ये अनेकदा अँटिस्टॅटिक बूट दिलेले असतात, म्हणजे अंगावरची स्थिर वीज तळव्यातून जमिनीत जाऊ देणारे. त्यात बाजारातलं जाड फोमचं इनसोल घातलं तर तो मार्ग तुटतो आणि ठिणगीचा धोका उभा राहतो. वास घालवायच्या नादात हे होता कामा नये. भारतात सेफ्टी शूजची चाचणी आयएस १५२९८ या मानकानुसार होते, आणि ती बुटाची आतल्या इनसोलसकट असते. म्हणून आधी सेफ्टी ऑफिसरला विचारलं, आणि त्याच्यामार्फत बूट बनवणाऱ्याकडूनच त्या मॉडेलचे सुटे इनसोल मागवले. शिक्षक, बँकेतले कर्मचारी किंवा एसटीचे वाहक यांच्या बुटांना ही अडचण नाही. त्यांनी बाजारातलं पातळ, धुता येणारं इनसोल मापाला कापून घेतलं तरी चालतं. फक्त बूट घट्ट होईल इतकं जाड नको. पाय दाबला गेला की घाम वाढतो.

पुसलेला बूट पंख्यावर ठेवला आणि रविवारी दुपारी वजन ५६७ वर आल्यावर मगच स्पिरिट घेतलं. मेडिकलमध्ये मिळणारं सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, एका बुटाला सुमारे दहा मिलिलिटर, फडक्यावर घेऊन पंजापासून टाचेकडे. आतला भाग किमान मिनिटभर ओला दिसला पाहिजे. शिंपडलं आणि उडून गेलं तर उपयोग कमी. ओल्या बुटात हे करून फायदा नाही, कारण आतलं पाणी अल्कोहोल पातळ करतं, आणि मळाच्या थराखालचे जिवाणू वाचतात. सॅनिटायझरचं जेल वापरू नये, त्यातलं ग्लिसरीन आत चिकट थर ठेवतं. खिडकी उघडी ठेवायची. चूल, गॅस, उदबत्ती जवळ नको, आणि वास पूर्ण उडाल्याशिवाय पंखाही लावायचा नाही. बाहेरच्या कातड्याला अल्कोहोल लागू देऊ नये, पॉलिश उतरून डाग पडतो.

बाहेरून हिरवट बुरशी आली होती ती अंगणात नेऊन, पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन त्यात ओल्या केलेल्या फडक्याने पुसली. घरात ब्रशने झाडली तर बीजाणू चपलांच्या मांडणीवर पसरतात. नंतर पातळ पॉलिश. कातडं मऊ राहावं म्हणून खोबरेल चोळायची सवय आपल्याकडे खूप आहे. पावसाळ्यात ती सोडावी, कारण कातड्यात मुरलेलं तेल खवट होतं आणि बुरशीला खाद्य मिळतं.

रोजची वाळवण

सहाला घरी आल्यावर बूट पायातून निघाले की लगेच नाड्या सैल, जीभ बाहेर, इनसोल बाहेर. इनसोल साध्या पाण्याखाली अर्धा मिनिट दाबून धुवायचं, टॉवेलमध्ये घडी करून त्यावर पायाने दाब द्यायचा आणि दोरीवर चिमट्याने टांगायचं. दुसऱ्या दिवशी दुसरी जोडी, म्हणजे प्रत्येक जोडीला छत्तीस तास मिळतात. सगळ्या बदलांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त फरक पाडणारा हाच ठरला.

बुटात वर्तमानपत्राचे सैल बोळे, पंजापर्यंत. घट्ट कोंबले तर मध्ये हवा राहत नाही आणि कागद फक्त बाहेरून भिजतो. अर्ध्या तासाने ते काढून नवे, आणि तासाभराने तेही काढायचे. इथे नेहमी एक चूक होते: कागद रात्रभर तसाच ठेवला जातो. ओला झालेला कागद ओढायचं थांबवतो आणि वर बुचासारखा बसतो. वजनात ही पायरी आठ ग्रॅमची निघाली: ५८८ वरून साडेसातला ५८०.

त्यानंतर पंखा. बूट नुसता टेबल फॅनसमोर ठेवला तर वारा घोट्यापाशी घोटाळतो, पंजात जात नाही. म्हणून एक साधी जोडणी केली. पुठ्ठ्याचं खोकं फॅनच्या जाळीला समोरून टेपने चिकटवलं, मागची मोटर पूर्ण उघडी ठेवून. ती झाकली गेली तर तापते. खोक्याच्या वरच्या बाजूला दोन भोकं पाडून त्यांत एक इंची पीव्हीसी पाइपचे वीतभर लांबीचे दोन तुकडे बसवले आणि प्रत्येकाच्या टोकाला एल्बो. बूट उलटा करून त्यावर असा अडकवायचा की एल्बोचं तोंड पंजाच्या दिशेला येईल. हवा पंजापर्यंत जाते आणि पाइपच्या बाजूने मागे बाहेर पडते. पाइपभोवती बोट जाईल इतकी फट राहिली पाहिजे, नाहीतर हवा परतणार कुठून? मागच्या खोलीत, जिथे संध्याकाळी स्वयंपाक होऊन थोडी ऊब राहते, तिथे ही जोडणी ठेवली. अकरा वाजता बूट ५७१, सकाळी ५६९. पन्नास वॉटचा पंखा अकरा तास चालला तरी अर्ध्या युनिटच्या थोडी वर वीज जाते.

कोकणात पावसात वीज जाणार हे धरूनच चालावं. अशा रात्री कागद तीनदा बदलायचा, बूट घरातल्या कोरड्या भिंतीला टाच वर करून टेकवायचा आणि वाळलेलं इनसोल सकाळीच आत घालायचं, रात्री नाही. अशा दोन रात्रींत सकाळचं वजन ५७५-५७६ पर्यंत राहिलं. पडवीतल्या ५८४ पेक्षा ते बरंच.

काय करू नये तेही सांगायला हवं. चुलीच्या वैलाजवळ बूट ठेवला की कातडं आकसतं, पुढची घडी तडकते आणि सोलचा गोंद मऊ पडतो. हेअर ड्रायरचंही तेच. हाताला कोमट लागते त्यापेक्षा गरम हवा नको. ऊन पडलंच तर अर्धा तास तोंड उन्हाकडे करून ठेवायला हरकत नाही, पण पंजात ऊन पोचत नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नये. फ्रीजरमध्ये पिशवीत बूट ठेवायचा सल्ला फिरत असतो. थंडीने जिवाणू मरत नाहीत, झोपतात, आणि पायाच्या उबेने दहा मिनिटांत जागे होतात.

मोज्यांबद्दल थोडक्यात: रोज धुतलेले, दोन जोड्या, दुसरी जेवणाच्या सुट्टीत बदलायची. उलटे करून धुवावेत, कारण कातडीचे कण आतल्या बाजूला असतात. आणि मोजे वाळले नसतील तर सकाळी तव्यावर शेकण्यापेक्षा इस्त्री फिरवलेली बरी.

दुसऱ्या आठवड्यातला खोडा

पहिले सहा दिवस वास जवळजवळ गेला. मग तो दुपारनंतर पुन्हा यायला लागला. सकाळचं वजन ५६९-५७० असंच होतं, म्हणजे बूट कोरडा होता. अशा वेळी एक साधी परीक्षा करता येते: संध्याकाळी मोजा आणि रिकामा बूट वेगवेगळ्या जागी ठेवून तासाभराने दोन्हींचा वास घ्यायचा. बूट सौम्य आणि मोजा उग्र असेल तर उगम पायात आहे.

तसंच निघालं. पाय धुतल्यावर टाच आणि चवड्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसत होते, ओल्या कातडीवर जास्त ठळक. आग किंवा खाज फारशी नव्हती. बुरशी समजून त्याने महिनाभर अँटिफंगल पावडर लावली होती, फरक नव्हता. हा पिटेड केराटोलिसिस नावाचा जिवाणूंचा संसर्ग: बंद बुटात ओल्या राहणाऱ्या तळव्यांच्या वरच्या थराला जिवाणू कुरतडतात आणि गंधकयुक्त वायू सोडतात, म्हणून वास कुजका असतो, नुसता आंबट नसतो. डॉक्टरांनी लावायचं अँटिबायोटिक दिलं. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून सोलते, खाज येते, ते सहसा बुरशीचं लक्षण. त्याचं औषध वेगळं. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून पाय दाखवून औषध घ्यावं. मधुमेह असेल आणि पायाला भेग किंवा जखम असेल तर घरगुती प्रयोग अजिबात नकोत.

त्या काळात बुटाला स्पिरिटचा हात आठवड्यातून एकदा चालू ठेवला, नाहीतर बरा झालेला पाय बुटातूनच पुन्हा लागण घेतो. खड्डे तीन आठवड्यांत भरले. त्यानंतर स्पिरिट महिन्यातून एकदा पुरलं. इनसोल धुणं आणि पंखा मात्र ऑक्टोबरपर्यंत रोजचे.

बूट कधी टाकायचा

काही बूट या सगळ्यानंतरही सुधारत नाहीत. आतलं अस्तर टाचेशी फाटून खालचा फोम उघडा पडला असेल तर घाम थेट फोममध्ये जातो आणि तो धुता येत नाही. पंजात हात घालून पोलादी टोपीच्या कडेला खरखरीत तपकिरी पूड लागली तर आत गंज आहे. पीयूचा सोल दमट उष्ण हवेत काही वर्षांनी आतून विरतो: अंगठ्याने दाबल्यावर तडे दिसले किंवा कडेचे तुकडे हाताला लागले, तर तो चालता चालता सुटतो आणि चिकटवून टिकत नाही. आणि बुटात रसायन सांडून मुरलं असेल तर तो घरी आणून धुवायचाच नाही. कारखान्यातच काढून द्यायचा आणि नवी जोड मागायची. वर्ष पूर्ण झालेलं नसलं तरीही.